अवघड वर्षानंतर नवऱ्याला किंवा बायकोला थँक यू कसं लिहावं: माया असावी, गहिवर नको

नोकरी गेली, घरात कुणाचं तरी आजारपण लांबलं, कर्ज अंगावर आलं, किंवा या सगळ्याचं थोडं थोडं झालं आणि वर्ष तसंच सरलं. त्यातून जरा डोकं वर काढल्यावर नवऱ्याला किंवा बायकोला चार ओळी लिहाव्यात असं वाटतं, आणि लिहायला बसलं की हात अडतो. कारण पटकन सुचणारी वाक्यं दोनच तऱ्हेची असतात. एक शुभेच्छापत्रावरची, म्हणजे 'तू माझ्या आयुष्यातला प्रकाश आहेस'. दुसरी ऑफिसच्या पत्रातली, म्हणजे 'तू केलेल्या सहकार्याबद्दल मनापासून आभार'. पहिलं वाक्य वाचून माणूस अवघडतो, दुसरं वाचून परका होतो.

मजकूर गहिवराचा होतो त्याचं कारण साधं आहे. भावना ज्या प्रसंगातून आली तो प्रसंग कागदावर येत नाही, नुसती भावना येते. मग ती जड वाटावी म्हणून आपण शब्द मोठे करत जातो. उलट प्रसंग नीट आला, तर भावनेला एखादं वाक्य पुरतं. म्हणून या कामातली बरीच मेहनत लिहिण्याआधीची आहे. प्रसंग शोधायचे, त्यातले थोडे निवडायचे, मग लिहायचं, माफीचा भाग बाजूला काढायचा आणि शेवटी योग्य वेळी द्यायचं.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. नवऱ्याची नोकरी वर्षाच्या सुरुवातीला गेली आणि नवीन मिळायला सात महिने लागले. तेवढा काळ घर बायकोच्या पगारावर चाललं, त्यात घराच्या कर्जाचा हप्ताही होता. आता त्याला तिला लिहायचंय. हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण इथे लिहिणाराच घेणाऱ्याच्या बाजूला होता. कृतज्ञता, अपराधी वाटणं आणि थोडा दुखावलेला मान हे तिन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं. हा गुंता सोडवता आला, तर बाकीच्या परिस्थितीत लिहिणं त्या मानाने सोपं जातं.

आधी जमवा, आणि आठवणीवर विसंबू नका

आपल्याला आपण केलेलं जास्त आठवतं. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात नवरा-बायकोंना 20 घरगुती गोष्टींमधला आपापला वाटा वेगवेगळं विचारला. दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक गोष्टींत शंभर टक्क्यांच्या वर गेली. यात फुशारकी होती असंही नाही, कारण भांडण सुरू करण्यासारख्या गोष्टींतही लोक आपलाच वाटा जास्त धरत होते. स्वतः केलेलं चटकन आठवतं, दुसऱ्याने केलेलं बऱ्याचदा आपल्यासमोर घडलेलंच नसतं, एवढंच त्यामागचं मुख्य कारण.

तुमच्या कामासाठी याचा अर्थ असा की नुसतं आठवून लिहिलंत, तर जोडीदाराने केलेलं निम्मं सुटेल. त्यातही जे तुमच्या नजरेआड केलं तेच आधी सुटेल. म्हणून फोन हातात घ्या आणि दोघांमधले मेसेज वर्षाच्या सुरुवातीपासून सलग वाचा. त्या काळातले फोटो बघा, बँकेचे मेसेज बघा, कॅलेंडरवरच्या नोंदी बघा. यात तासभर सहज जातो, दोन वेळा बसावं लागलं तरी चालेल. वाचताना एका कागदावर नुसत्या खुणा करत जा, वाक्यं जुळवू नका. 'मार्च, हप्ता, तिने बँकेत फोन केला' एवढं पुरे.

शोधताना तीन प्रकारच्या गोष्टींवर नजर ठेवा. पहिल्या म्हणजे त्या व्यक्तीने केलेल्या गोष्टी, त्या लगेच सापडतात. दुसऱ्या म्हणजे न केलेल्या आणि न बोललेल्या. टोमणा मारता आला असता पण मारला नाही, विचारता आलं असतं पण विचारलं नाही. या मेसेजमध्ये सापडत नाहीत, 'इथे भांडण व्हायला हवं होतं, का झालं नाही?' असं स्वतःला विचारलं की सापडतात. तिसऱ्या म्हणजे सोडून दिलेल्या गोष्टी. पुढे ढकललेला प्रवास, न घेतलेली बढती, बंद केलेला क्लास. माझ्या मते खरा ऐवज दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात असतो, कारण केलेल्या कामाचे आभार कधी ना कधी तोंडी मानले गेलेले असतात. न बोललेल्याचे आणि सोडलेल्याचे सहसा कुणीच मानलेले नसतात.

आपल्या उदाहरणातल्या नवऱ्याच्या कागदावर अशा दहा-बारा नोंदी झाल्या. त्यातली एक त्याला मेसेज वाचताना पहिल्यांदाच उमगली. बायकोला एक कोर्स करायचा होता. फी भरायच्या शेवटच्या तारखेची आठवण करून देणारा मेसेज तिने खूप आधी त्याला सहज पुढे पाठवला होता. ती तारीख पडत होती त्याची नोकरी गेल्यानंतरच्या महिन्यात. पुढे त्या कोर्सचा उल्लेखच कुठे नव्हता. 'या वर्षी वेळ नाही मला' असं ती तेव्हा म्हणाली होती, हे मग त्याला आठवलं.

तीनच निवडा

दहा-बारा गोष्टी एकापाठोपाठ लिहिल्या की तो हिशेब होतो. वाचणाऱ्याला वाटतं, हा आता परतफेड करून मोकळा होतोय. तीन प्रसंग पुरतात, एखादा कमीही चालेल. निवडताना मी दोन प्रश्न विचारून बघेन. हे वाक्य दुसरं कुणी, म्हणजे तिची बहीण किंवा त्याचा मित्र, लिहू शकला असता का? शकला असता तर ते तुमचं नाही. आणि दुसरा प्रश्न, ही गोष्ट मला माहीत आहे हे तिला माहीत आहे का? नसेल, तर ती आधी घ्या. आपण गुपचूप केलेलं कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, हे कळण्यासारखं दुसरं काही नाही.

तिन्ही प्रसंग मोठे नकोत. आजारपणाचं वर्ष असेल, तर ऑपरेशनच्या रात्री नवरा जागला हे खरंच, पण त्या रात्री कुणीही जागला असता. चौथ्या आठवड्यात, बघायला येणारे यायचे थांबल्यावर, त्याने रोज सकाळी औषधांचा डबा भरून ठेवला, हे जास्त त्याचं आहे.

काही गोष्टी कागदावरच राहू द्या. ज्या प्रसंगात ती व्यक्ती स्वतः कोलमडली होती आणि तुम्ही ते पाहिलंत हे तिला कळलेलं नाही, तो प्रसंग कौतुकाचा असला तरी लिहू नका. 'तू बाथरूममध्ये रडायचीस ते मला ऐकू यायचं' हे लिहिणाऱ्याला जवळिकीचं वाटतं, पण वाचणारीची उरलीसुरली खाजगी जागा त्याने जाते.

वाक्य 'तू'ने सुरू करा

आता लिहायला घ्या. आपल्या नवऱ्याचा पहिला खर्डा असा होता:

'तू खरंच खूप खंबीर आहेस. हे वर्ष माझ्यासाठी फार कठीण होतं, पण तुझ्यामुळे मी उभा राहू शकलो. तू नेहमी माझ्यामागे उभी राहिलीस. तू नसतीस तर माझं काय झालं असतं कुणास ठाऊक. तुझ्यासारखी बायको मिळाली हे माझं भाग्य.'

यात खोटं काहीच नाही, तरी ते लागत नाही. का, ते बघू. पाच वाक्यांपैकी चार वाक्यं फिरून त्याच्यावरच येतात: मी उभा राहिलो, माझ्यामागे, माझं काय झालं असतं, माझं भाग्य. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये नेमका हाच फरक तपासला होता. जोडप्यातल्या एकाने दुसऱ्याचे आभार मानतानाची बोलणी त्यांनी रेकॉर्ड केली आणि दोन भाग वेगळे काढले: 'मला काय मिळालं' हे सांगणं, आणि 'तू काय केलंस, त्यातून तू कशी दिसलीस' हे सांगणं. ऐकणाऱ्याला आपल्याला समजून घेतलं असं वाटणं आणि जवळीक वाटणं याचा संबंध दुसऱ्या भागाशी निघाला, पहिल्याशी नाही.

उरलेलं पाचवं वाक्य 'खंबीर आहेस' हे. ते तिच्याबद्दल आहे, पण त्यात वेगळीच अडचण आहे. वर्षभर ओढाताण केलेल्या माणसाला खंबीर म्हटलं, की पुढच्या वर्षीही तसंच राहायचं ओझं त्याच्यावर येतं. शिवाय ती खंबीर नसावी, घाबरलेली असावी आणि तरीही तिने ते केलं असावं. ते जास्त मोठं आहे, आणि 'खंबीर' म्हटल्यावर तेच झाकलं जातं.

तेव्हा प्रत्येक प्रसंगासाठी आधी कृती लिहा: कधी, कुठे, काय. मग ते करणं तिला का सोपं नव्हतं ते लिहा. परिणाम लिहावासा वाटला तर एका ओळीत. मधली पायरी लोक गाळतात, आणि नेमकी तीच मायेची आहे, कारण ती लिहायची तर त्या क्षणी तिच्या जागी उभं राहून बघावं लागतं. 'तू मुलाखतीनंतर मला काही विचारायची नाहीस' ही झाली कृती. 'विचारायची घाई तुला माझ्याहून जास्त असणार, कारण हप्ता तुझ्या पगारातून जात होता' हे झालं तिच्या जागी उभं राहणं. इथे एकही विशेषण लागलं नाही.

भाषा रोजची ठेवा. एकमेकांना 'अगं', 'अरे' म्हणत असाल तर तेच लिहा. नवऱ्याला 'अहो, तुम्ही' म्हणायची सवय असेल तर पत्रात एकदम 'तू' करू नका, आणि उलटही नको. घरात थँक यू म्हणत असाल तर 'मी तुझा ऋणी आहे' लिहू नका. 'नेहमी', 'कायम', 'प्रत्येक क्षणी' हे शब्द दिसले की खोडा. ते क्वचितच खरे असतात, आणि वाचणाऱ्याला ज्या वेळी तसं नव्हतं ती वेळ आठवते.

माफी वेगळी काढा

या नवऱ्याच्या दुसऱ्या खर्ड्यात एक परिच्छेद असा आला: त्या महिन्यांत मी चिडचिड केली, मुलांसमोर तुझ्यावर ओरडलो, तुझ्या कामाचा मला हेवा वाटला, माफ कर. सगळं खरं, आणि लिहिण्यासारखंही. पण इथे नाही.

थँक यू आणि सॉरी एकत्र आले की सॉरीचं पारडं जड होतं. वाचणाऱ्याला काहीतरी करावं लागतं. 'अरे जाऊ दे, असं नको म्हणूस' अशी समजूत घालावी लागते, किंवा माफ करायचं की नाही ते ठरवावं लागतं. म्हणजे वर्षभर जिने सांभाळलं, तिलाच पुन्हा सांभाळायला लावलं. मुलांसमोर ओरडल्याची माफी मागायची असेल तर ती आधी मागा, समोरासमोर, आणि मध्ये थोडे दिवस जाऊ द्या. पत्रात चुकीचा उल्लेख तेवढाच येऊ द्या, जेवढा तिची कृती कळायला लागतो. 'मी तेव्हा चुकीचं समजलो' एवढं चालतं, त्यापुढे नको.

हे ओळखायची खूण अशी: लिहून झाल्यावर कागद वाचा आणि स्वतःला विचारा, याला उत्तर म्हणून तिला माझी समजूत काढावी लागेल का? 'हो' असेल, तर माफी आत शिरली आहे.

तयार झालेलं पत्र

'अगं,

गेल्या वर्षाबद्दल बोलायचं बरेच दिवस मनात आहे. तोंडी बोललो तर मी विषय बदलेन, म्हणून लिहितोय.

मी मुलाखत देऊन घरी आलो की "काय झालं?" असं तू सात महिन्यांत एकदाही विचारलं नाहीस. सुरुवातीला मला वाटायचं, हिला पडलेली नाही. मग लक्षात आलं की दार उघडताना तू माझ्याकडे बघून ओळखायचीस, आणि मी बोलेपर्यंत थांबायचीस. विचारायची घाई तुला माझ्याहून जास्त असणार, कारण हप्ता तुझ्या पगारातून जात होता.

माझ्या नातेवाइकांचे फोन तू गॅलरीत जाऊन घ्यायचीस. त्यांना काय सांगायचीस ते मला आजही माहीत नाही. पण नंतर कुणीही मला भलतासलता प्रश्न विचारला नाही. दिवसभर काम करून आल्यावर हे आणखी एक काम तू अंगावर घेतलंस.

आणि तुझा कोर्स. फी भरायची तारीख तू जाऊ दिलीस आणि मला म्हणालीस, या वर्षी वेळ नाही. मी ते तेव्हा खरं मानलं. परवा जुने मेसेज वाचताना तारखा जुळल्या.

यंदा फॉर्म निघाले की भर. ते दिवस संध्याकाळी मुलांचं सगळं मी बघतो, तुझ्या आईशीही बोलून ठेवतो.

हे सगळं तू केलंस ते मला दिसलं होतं, काही उशिरा दिसलं. थँक यू.'

'प्रेम' हा शब्द यात नाही. मला तो लागेल असं वाटत नाही, पण तुमच्या घरात तो सहज म्हटला जात असेल तर शेवटी जरूर लिहा, फक्त एकदाच. लांबी साधारण दीडशे शब्द आहे, तेवढीच ठेवा. तीनशेच्या वर गेलं की तुम्ही पुन्हा स्वतःबद्दल लिहू लागला आहात का ते बघा.

शेवटून दुसऱ्या परिच्छेदातल्या वचनाबद्दल सांगायला हवं. वचन दिलंच पाहिजे असं नाही. दिलं तर ते एकच असावं, लहान असावं, आणि कुठल्या तरी निवडलेल्या प्रसंगातूनच निघालेलं असावं. 'यापुढे तुला कधीच त्रास होऊ देणार नाही' हे कुणाच्याच हातात नसतं, आणि वाईट वर्ष काढलेल्या माणसाला ते चांगलं ठाऊक असतं. संध्याकाळी मुलांकडे बघणं हातात असतं.

काही परिस्थितींत हा साचा बदलावा लागतो

अडचण अजून संपलेली नसेल, तर 'आता सगळं सुरळीत झालं' असा सूर लावू नका. आजारपण चालूच असेल तर ठरावीक काळापुरतं लिहा: 'या चार महिन्यांत तू...'. आभार म्हणजे समारोप असं वाटता कामा नये, नाहीतर उद्या पुन्हा दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला ते निरोपासारखं वाचायला येईल.

दोघांनी मिळून एखादं माणूस गमावलं असेल, तर 'तू मला सावरलंस' हे जपून वापरा. त्यात दुःख तुमचं आणि सावरायचं काम त्याचं अशी वाटणी होते, आणि त्याचं दुःख बाजूला पडतं. तिथे आधी त्याचं दुःख मान्य करणारं एक वाक्य हवं, आणि मग एखादाच प्रसंग, जमलं तर ज्यात दोघं एकत्र होता असा.

आणि त्या वर्षातलं एखादं मोठं भांडण अजून मिटलेलं नसेल, तर थांबा. न मिटलेल्या भांडणावर ठेवलेलं थँक यू तहाच्या प्रस्तावासारखं वाचलं जातं, तुमच्या मनात तसं नसलं तरी.

द्यायच्या आधी आणि देताना

एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी मोठ्याने वाचा. जिथे तुमचा आवाज भाषण केल्यासारखा होतो, ते वाक्य तुमचं नाही, ते काढा. मग तिच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव मनात धरून बघा. पत्र तरीही जुळलं, तर प्रसंग अजून पुरेसे नेमके झालेले नाहीत. 'मला', 'माझं', 'मी' यांखाली रेघा मारा. निम्म्याहून जास्त वाक्यांचा कर्ता 'मी' असेल, तर वाक्यं उलटी फिरवा.

हाताने लिहिलेलं बरं, पण अक्षर वाचता येत नसेल किंवा लिहायची सवय मोडली असेल तर फोनवर पाठवलेलंही चालतं. कौटुंबिक ग्रुपवर किंवा सगळ्यांसमोर मात्र नको. तिथे ते तिच्यासाठी राहत नाही, आणि तिला सगळ्यांदेखत काहीतरी उत्तर द्यावं लागतं. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस हेही मी टाळेन. त्या दिवशी गोड बोलणं अपेक्षितच असतं, त्यामुळे शब्दांचं वजन कमी होतं. एखादा साधा दिवस निवडा, ज्यानंतर दोघांनाही लगेच कुठे पळायचं नाही. पत्र द्या आणि खोलीतून बाहेर जा. समोर बसून तिचा चेहरा वाचत राहिलात, तर तिला प्रतिक्रिया द्यावी लागेल, वाचता येणार नाही.

पाठवताना संकोच वाटेल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 मध्ये आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांना आणि ती मिळालेल्यांना वेगवेगळं विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मिळालेल्यांना अवघडलेपण कमी वाटलं होतं आणि आनंद जास्त झाला होता. शब्द नीट जमलेत का याची धास्ती लिहिणाऱ्याला जास्त असते, वाचणाऱ्याचं लक्ष पत्रामागच्या आपलेपणाकडे असतं.

उत्तर लगेच येईलच असं नाही. 'वाचलं' एवढंच आलं, किंवा तिने दुसराच विषय काढला, तर 'कसं वाटलं?' म्हणून मागे लागू नका. काही माणसं दोन-तीन आठवड्यांनी भलत्याच वेळी त्यावर बोलतात. त्या वेळी ती तुमची एखादी गोष्ट दुरुस्त करेल अशीही शक्यता आहे: 'फीचं काही नव्हतं रे, मला खरंच तो कोर्स नको झाला होता.' वाद घालू नका, तारखांचा पुरावा दाखवू नका. तिला तसं म्हणायचं असेल तर ते तसंच असू द्या, आणि फॉर्म निघाल्यावर एकदा विचारा.